नवरा बेपत्ता होऊन 7 वर्षं उलटली, वारसांना हक्क नेमका कधी मिळतो?

"माझे मिस्टर ऑगस्ट 2016 मध्ये लालबागच्या घरातून कामाला म्हणून निघाले ते परत आलेच नाहीत. मिसिंग कम्प्लेंट दुसऱ्याच दिवशी केली होती. मुलगी तेव्हा पहिलीत होती. कांजूरमार्गचा वन बीएचके त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, तिथे नॉमिनी सासूबाई आहेत. बँकेत एफडी आहे, एलआयसीचे हप्ते मी दोन वर्षं भरले मग बंद केले. मार्च 2020 मध्ये सासरे वारले, त्यांच्या स्वतःच्या कमाईचा मुलुंडला फ्लॅट आहे, मृत्युपत्र नाही. आता दीर म्हणतात 7 वर्षं झाली म्हणजे दादा कायद्याने गेलाच, आणि तो बाबांच्या आधी गेला म्हणून मुलुंडच्या फ्लॅटमध्ये तुमचा काही संबंध नाही, फक्त सोसायटीच्या फॉर्मवर सही करा. खरंच असं आहे का? आणि आमच्या कांजूरच्या घराचं काय?"

ताई, आधी एक गोष्ट, त्या फॉर्मवर सही करू नका. निदान हे सगळं वाचून होईपर्यंत तरी नको. तुमच्या दिरांच्या बोलण्यात दोन चुका आहेत आणि दुसरी चूक तर अशी आहे की त्यांचं म्हणणं खरं धरलं तर तुमचाच हिस्सा वाढतो, त्यांना ते माहीत नाहीये इतकंच.

पहिली चूक सगळेच करतात, वकील मंडळीसुद्धा करतात. 7 वर्षं झाली की माणूस "कायद्याने गेला" असं कुठेही लिहिलेलं नाही. जुना पुरावा कायदा होता 1872 चा, त्यात कलम 107 आणि 108, आता 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय त्यात तीच कलमं 110 आणि 111 झालीत, मजकूर जवळपास तोच. एक कलम सांगतं की माणूस गेल्या 30 वर्षांत जिवंत होता हे दाखवलं, तर तो मेला असं जो म्हणतो त्याने ते सिद्ध करायचं. दुसरं कलम त्याला अपवाद आहे, की ज्यांना त्याची खबर साहजिकपणे लागली असती अशा लोकांना 7 वर्षं काहीच खबर नाही हे सिद्ध झालं, तर ओझं उलटतं आणि तो जिवंत आहे असं जो म्हणतो त्याने सिद्ध करायचं. बस एवढंच. पुराव्याचं ओझं कोणाच्या डोक्यावर याचा हा नियम आहे, मृत्यूचा दाखला नाही. आणि हे गृहीतक आपोआप लागत नाही, कोणत्यातरी कोर्टापुढे किंवा अधिकाऱ्यापुढे "हा माणूस जिवंत आहे का मेला" हा प्रश्न उभा राहिला तरच लागतं. घरात बसून कॅलेंडरवर 7 वर्षं मोजली म्हणून वारसा उघडत नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि माझ्या मते तुमच्या केसमधला सगळा पैसा याच मुद्द्यावर आहे. कोर्ट मृत्यू गृहीत धरतं, पण मृत्यूची तारीख गृहीत धरत नाही. 2004 मध्ये एलआयसीच्याच एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्वच्छ सांगितलंय, त्याच्याही आधी 1926 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या शेवटच्या अपिलाच्या कोर्टाने, सांगितलं होतं. म्हणजे गायब झाला त्या दिवशी मेला असंही नाही आणि 7 वर्षं संपली त्या दिवशी मेला असंही नाही. जास्तीत जास्त एवढंच म्हणता येतं की प्रश्न कोर्टात आला तेव्हा तो हयात नव्हता. त्याच्या आधीची अमुक एक तारीख कोणाला हवी असेल तर त्याने पुरावा द्यायचा, कोणत्याही बाजूला ती फुकट मिळत नाही.

तारखेचा एवढा बाऊ कशाला असं वाटेल. मी तुमचेच आकडे घेऊन सांगतो. तुम्ही हिंदू आहात असं धरतोय, म्हणजे हिंदू वारसा कायदा 1956 लागेल (दुसऱ्या धर्माच्या घरात हिस्से वेगळे निघतील, 7 वर्षांचा नियम मात्र सगळ्यांना सारखाच). बिना मृत्युपत्राचा पुरुष वारला की त्याची मालमत्ता पहिल्या वर्गाच्या वारसांमध्ये वाटली जाते, त्यात बायको, मुलगे, मुली आणि आई येतात, बाप येत नाही. आणि मुलगा आधीच वारला असेल तर त्या मुलाची बायको आणि त्याची मुलं त्याच्या जागी उभी राहतात, सगळ्यांना मिळून त्या मुलाचा एक हिस्सा.

मुलुंडच्या फ्लॅटचं गणित करू. सासऱ्यांच्या मागे सासूबाई, दीर आणि तुमचे मिस्टर, असे तीन हिस्से (नणंद असती तर तिचाही आला असता, तुम्ही लिहिलं नाहीये म्हणून नाही असं धरतो). आता समजा मिस्टर खरोखर सासऱ्यांच्या आधी गेले होते, जे दीर म्हणतायत. मग सासूबाईंना 1/3, दिरांना 1/3, आणि मिस्टरांचा 1/3 थेट तुमच्यात आणि मुलीत, म्हणजे तुम्हाला 1/6 आणि मुलीला 1/6. दीर म्हणतात "आधी गेला म्हणून संबंध नाही", कायदा सांगतो आधी गेला म्हणूनच तुम्ही थेट सासऱ्यांच्या वारस झालात.

दुसरी शक्यता, मार्च 2020 मध्ये मिस्टर हयात होते. मग त्यांना बापाकडून 1/3 मिळाला, आणि पुढे ते गेले तेव्हा त्या 1/3 चे वारस तीन, तुम्ही, मुलगी आणि सासूबाई, कारण आई पण पहिल्या वर्गातली वारस आहे. म्हणजे प्रत्येकी 1/9. सासूबाईंकडे मग 1/3 अधिक 1/9 म्हणजे 4/9, दिरांकडे 1/3, आणि तुम्ही दोघी मिळून 2/9. पहिल्या हिशेबात तुम्ही दोघी मिळून 1/3 होता म्हणजे 3/9. फरक 1/9 चा, मुलुंडच्या फ्लॅटचा 1/9 म्हणजे किती लाख ते तुम्हीच काढा. दिरांचा हिस्सा दोन्ही हिशेबात 1/3 च आहे, आणि शून्य तर तुम्ही कुठल्याच हिशेबात येत नाही.

मग कोर्ट कोणता हिशेब धरेल? मार्च 2020 मध्ये मिस्टरांना बेपत्ता होऊन साडेतीन वर्षंच झाली होती, 7 नव्हे. तेव्हा 7 वर्षांच्या कलमाचा आधार नाहीच, उलट 30 वर्षांचं कलम उभं राहतं की ते मेले होते असं म्हणणाऱ्याने सिद्ध करावं. आणि तसं म्हणण्यात फायदा कोणाचा, तुमचा. म्हणजे ओझं तुमच्यावर. काही ठोस असेल, समजा त्याच दिवसांत लोकलचा मोठा अपघात झाला आणि ते त्या गाडीत होते असं सांगणारा साक्षीदार आहे, किंवा पोलिसांनी एखाद्या बेवारस मृतदेहाचा फोटो दाखवला होता आणि डीएनए जुळला, तर 2016 ची तारीख धरता येईल. नुसतं "तेव्हाच गेले असणार हो" याला किंमत नाही. माझं प्रामाणिक मत सांगू, तुम्ही लिहिलंय त्यावरून दुसरा हिशेब म्हणजे 2/9 धरून चाला आणि पहिल्याचा पुरावा मिळाला तर तो बोनस समजा. नुसत्या तारखेसाठी 5-6 वर्षं भांडून सासूबाईंशी वैर घेण्यात अर्थ नाही, त्यातही सासूबाई उद्या वारल्या की त्यांचा हिस्सा परत दीर आणि तुमची मुलगी यांच्याकडेच यायचाय. त्यांनी दिराच्या नावाने मृत्युपत्र केलं नाही तर, अर्थात. म्हणून त्यांच्याशी बोलणं चालू ठेवा.

आता कांजूरचं घर. ते मिस्टरांचं एकट्याचं, तिथे हिशेब सोपा, तुम्ही 1/3, मुलगी 1/3, सासूबाई 1/3. हो, सासूबाई नॉमिनी आहेत म्हणून घर त्यांचं होत नाही आणि तुम्ही बायको आहात म्हणून पूर्ण तुमचंही होत नाही. सहकारी सोसायटी कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती झाली त्यात नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणून घेतात, खऱ्या वारसांचं ठरेपर्यंत. पण हे सगळं सभासद "मयत" झाल्यावरचं, आणि बेपत्ता माणूस सोसायटीच्या दफ्तरी अजून जिवंत सभासद आहे. सेक्रेटरीने नॉमिनीचं नाव चढवून टाकलं असेल तर ते आत्ताच लेखी विचारा. मेंटेनन्स मात्र तुम्ही भरत राहा आणि पावत्या जपून ठेवा, थकबाकी झाली की वसुलीची नोटीस बेपत्ता माणसाच्याच नावाने येते आणि उत्तर द्यायला कोणी नसतं.

तर हे उघडायचं कसं. सिव्हिल कोर्टात घोषणेचा दावा लावायचा, स्पेसिफिक रिलीफ अॅक्टच्या कलम 34 खाली, की हे गृहस्थ मृत आहेत असं जाहीर करा आणि आम्ही अमुक अमुक त्यांचे वारस आहोत. मुंबईत बहुतेक सिटी सिव्हिल कोर्टात जातो. वादी तुम्ही आणि मुलगी (ती अल्पवयीन आहे म्हणून तुमच्यामार्फत), प्रतिवादी सासूबाई, दीर, राज्य सरकार आणि महापालिका. सासूबाई आणि दिरांना प्रतिवादी करायचं म्हणजे भांडण असं नाही, कोर्टाला सगळे संबंधित समोर हवे असतात, त्यांनी "आम्हालाही काही खबर नाही" असं लिहून दिलं तर काम कितीतरी हलकं होतं. सरकारला पार्टी करायचं तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची 2 महिन्यांची नोटीस द्यावी लागते, हे विसरून दावा लावला की नंबर पडायच्या आधीच हरकत निघते आणि परत पहिल्यापासून. महापालिकेलाही वेगळी नोटीस लागते, ती वकिलाकडून त्याच वेळी काढून घ्या.

पुराव्याचं सांगतो, कारण दावे इथेच अडकतात. कायद्याचे शब्द बघा, "ज्यांना खबर साहजिकपणे लागली असती". कोर्ट बघतं की खबर लागायला हवी असे लोक कोण कोण होते आणि त्यातल्या प्रत्येकाने काय सांगितलं. नुसती तुमची साक्ष पुरत नाही. सासूबाई, दीर, गावाकडचा चुलतभाऊ, कामावरचा जवळचा मित्र, यातले दोन तीन तरी जण प्रतिज्ञापत्रावर यायला हवेत. आणि सगळ्यांना एकदा खाजगीत खरं काय ते विचारून घ्या, कारण 2018 मध्ये त्यांनी कोणाला एखादा फोन केला असेल आणि तो घरच्यांनी तुमच्यापासून लपवला असेल (असं होतं, लोकांना वाटतं वहिनीला कशाला त्रास) तर 7 वर्षं त्या फोनपासून मोजायची, 2016 पासून नाही. कोर्टात उलटतपासणीत हे बाहेर आलं तर दावा मुदतीआधीचा ठरू शकतो. तसंच ते कर्ज बुडवून किंवा पोलिस केसमुळे पळाले होते असं चित्र उभं राहिलं तर न्यायाधीश म्हणतात, लपणारा माणूस घरी कशाला फोन करेल, म्हणजे खबर न येणं यात विशेष काय. त्यामुळे तेव्हाची परिस्थिती आधीच स्वच्छ मांडलेली बरी. पगार वेळेवर येत होता, कर्ज नव्हतं, घरी भांडण नव्हतं, हे कागदाने दाखवा.

कागद म्हणजे, मिसिंग कम्प्लेंटची प्रत, त्यावर पोलिसांनी केलेल्या तपासाचे कागद, आणि शेवटी "शोध घेऊनही मिळून आले नाहीत" असा पोलिस स्टेशनचा लेखी दाखला. हा दाखला सहज मिळत नाही, तेव्हाचे अधिकारी बदलून गेलेले असतात आणि जुनं रजिस्टर शोधायला कोणाला वेळ नसतो, म्हणून आधी अर्ज टाका, पोच घ्या, महिनाभरात काही झालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. बँकेचं 2016 पासूनचं स्टेटमेंट काढून घ्या, ज्यात त्या दिवसानंतर त्यांनी स्वतः केलेला एकही व्यवहार नाही हे दिसेल. यात एक खाच आहे, तुम्ही त्यांचं एटीएम कार्ड वापरून पैसे काढले असतील तर ते व्यवहार त्यांचेच दिसतात, तसं असेल तर वकिलाला आधीच सांगा, लपवू नका. पेपरात दिलेली जाहिरात, हॉस्पिटल आणि शवागारात केलेली चौकशी, जे काही केलं असेल ते सगळं जोडा. कोर्ट बहुतेक वेळा पेपरात जाहीर नोटीस द्यायला सांगतंच.

कोणी हरकत घेतली नाही तर हा दावा लांबायचं तसं कारण नसतं, पण तारखा आपल्या हातात नसतात. हुकूमनामा मिळाला की तो घेऊन महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसमध्ये मृत्यूची नोंद करायची, दाखला हुकूमनाम्यावरून निघतो, म्हणून हुकूमनाम्यात तारखेबद्दल काय लिहिलंय ते वकिलाबरोबर बसून नीट वाचा. "2016 मध्ये मृत्यू झाला" असं मागून बघावं का, असं काही जण विचारतात. पुरावा नसताना मागितलं तर कोर्ट तेवढा भाग फेटाळतं आणि उगीच मुलुंडच्या भांडणात तुमच्याविरुद्ध वापरायला कागद तयार होतो. त्यापेक्षा दाव्यात मृत्यू जाहीर करून मागा आणि तारखेचा हक्क राखून ठेवा.

बँकेच्या एफडीसाठी कदाचित इतकं थांबावं लागणार नाही. रिझर्व्ह बँकेने 2008 मध्येच बँकांना सांगितलंय की बेपत्ता खातेदाराच्या बाबतीत नियम कोर्टाच्या हुकमाचाच, पण छोट्या रकमांसाठी प्रत्येक बँकेने मर्यादा ठरवून पोलिसांची एफआयआर, न सापडल्याचा दाखला आणि इन्डेम्निटी बॉण्ड, म्हणजे पुढे नुकसान झालं तर भरून देण्याची लेखी हमी, एवढ्यावर पैसे द्यावेत. तुमच्या बँकेची मर्यादा किती ते ब्रँच मॅनेजरला लेखी विचारा, काउंटरवरच्या माणसाला बहुतेक वेळा हे माहीतच नसतं आणि तो सरळ "डेथ सर्टिफिकेट आणा" म्हणतो. मर्यादेच्या वर रक्कम असेल तर हुकूमनामा, आणि नॉमिनी नसेल तर वर सक्सेशन सर्टिफिकेट. घरासाठी मात्र सक्सेशन सर्टिफिकेट चालत नाही, ते येणी आणि रोख्यांपुरतंच असतं. घरासाठी आपल्याकडे 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखालचं वारस प्रमाणपत्र आहे, हो, अठराशे सत्तावीसच, टायपिंगची चूक नाही. दाव्यातच वारस जाहीर करून घेतले तर बऱ्याच सोसायट्या त्यावर भागवतात.

एलआयसीचं वाईट वाटेल पण सांगायला हवं. वर म्हटलं ती 2004 ची केस नेमकी याच प्रकारची होती, माणूस बेपत्ता, हप्ते बंद, पॉलिसी लॅप्स, आणि बायकोचं म्हणणं की तो गायब झाला तेव्हाच मेला म्हणून पूर्ण रक्कम द्या. सुप्रीम कोर्टाने मानलं नाही, कारण तारखेचं गृहीतक नाही, आणि पॉलिसी चालू राहावी असं वाटत असेल तर कोर्टाचा निर्णय होईपर्यंत हप्ते चालू ठेवायला हवे होते. तुमचे हप्ते 2018 मध्ये थांबले म्हणजे पूर्ण विमा रकमेची आशा ठेवू नका, एकूण किती वर्षं हप्ते भरले त्या प्रमाणात मिळणारी पेड-अप रक्कम किती बसते ते ब्रँचमधून काढून घ्या. हे वाचणाऱ्या इतर कोणाचं माणूस नुकतंच हरवलं असेल तर त्यांनी काहीही करून हप्ते चालू ठेवा, जड गेले तरी.

तुम्हाला कोणीतरी नक्की सल्ला देईल की हिंदू विवाह कायद्यात 7 वर्षं खबर नसेल तर घटस्फोट मिळतो, तो घेऊन मोकळ्या व्हा. मिळतो, खरं आहे, पण वारसा मागायचा असेल तर त्याच्या आधी तो अर्ज टाकू नका. घटस्फोटित बायको ही विधवा नसते, आणि मृत्यूची तारीख ठरलेली नसताना मधेच घटस्फोटाचा हुकूमनामा आला तर त्याच्या आधी मृत्यू झाला का नंतर या वादात तुमचा 1/3 अडकतो. पुन्हा लग्नाचा विचार असेल तर आधी मृत्यूची घोषणा घ्या, मग विधवा म्हणून लग्न करा, मिळालेला हिस्सा त्याने जात नाही.

आणि ते परत आले तर? तर हे सगळं मागे फिरतं. गृहीतक आहे, ते खोडता येतं, जिवंत माणूस समोर उभा राहिला की वारसाच उघडला नव्हता असं होतं. याच भीतीने घेणारे अशा घराला भाव कमी देतात आणि बँका इन्डेम्निटी मागतात. विकायचा विचार असेल तर मुलीच्या 1/3 साठी ती 18 ची होईपर्यंत कोर्टाची वेगळी परवानगी लागेल, मला विचाराल तर तोपर्यंत विकूच नका, भाड्याने द्या.

आता लगेच करायचं काम एकच. मुलुंडच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि चेअरमनला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा, की मयत सभासदाचा एक मुलगा ऑगस्ट 2016 पासून बेपत्ता आहे, त्याचा हिस्सा अजून ठरलेला नाही, त्याची बायको आणि मुलगी यांची हरकत आहे, आम्हाला लेखी कळवल्याशिवाय फ्लॅट कोणाच्या नावावर करू नये. सोबत मिसिंग कम्प्लेंटची झेरॉक्स आणि लग्नाचा दाखला लावा. एक प्रत दिरांना आणि एक सासूबाईंना द्या, सासूबाईंना मात्र पोस्टाने नको, स्वतः जाऊन हातात द्या आणि 4/9 चा हिशेब त्यांना समजावून सांगा. दिरांनी जो फॉर्म दिलाय त्यात वारस म्हणून त्यांचं आणि आईचंच नाव असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा आणि फॉर्म सही न करता परत करा.